‘प्रमाणित’ या एका शब्दाने वाढवलेला सेंद्रिय कर्ब: अनुमापनाच्या कार्यपद्धतीचे मराठी भाषांतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची छोटी माती परीक्षण प्रयोगशाळा. आजूबाजूला कापूस, तूर आणि सोयाबीनची काळी जमीन. नमुने उन्हाळ्यात येतात, कारण पेरणीच्या आधी शेतकऱ्याला अहवाल हातात हवा असतो. सेंद्रिय कर्ब मोजण्याची कार्यपद्धती तीन पानी आणि इंग्रजीत होती. काम करणारे दोघे तंत्रसहायक मराठी माध्यमातून शिकलेले. म्हणून ती पाने मराठीत करून भिंतीवर लावायची ठरली.

पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. बहुतेक लहान प्रयोगशाळांत आजही हीच चालते, कारण तिला भट्टी लागत नाही की महागडे यंत्र लागत नाही. मातीतला कर्ब पोटॅशियम डायक्रोमेटने जाळायचा. जळून उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. मूळ किती आणि उरले किती यातला फरक म्हणजे कर्बासाठी खर्च झालेले डायक्रोमेट.

भाषांतर करणाऱ्याचे मराठी चांगले होते आणि वाक्ये वाचायला सरळ होती. तरीही महिनाभरात एक विचित्र गोष्ट दिसली. प्रयोगशाळेने एकाच शेतातली माती नीट मिसळून, चाळून एका बरणीत ठेवली होती. ती दर तुकडीबरोबर तपासायची, म्हणजे कामावर लक्ष राहते. इंग्रजी कागदावरून काम चालत असताना या बरणीतल्या मातीचा सेंद्रिय कर्ब ०.६० टक्के येत असे. मराठी कागद लागल्यावर पहिल्या दिवशी तो ०.६५ आला आणि दोन आठवड्यांनी ०.७१. माती बरणीतच होती. बरणीत कुणी शेणखत टाकलेले नव्हते.

(पुढचे ब्युरेटचे आकडे हिशेब डोळ्यांना दिसावा म्हणून एका दशांशापर्यंतच ठेवले आहेत.)

कुठला आकडा निकाल उचलतो

चूक शोधण्याआधी या अनुमापनात कुठला आकडा काय करतो हे पाहावे लागते. भाषांतर करणाऱ्यालाही हे आधीच ठाऊक असायला हवे होते.

चंबूत १ ग्रॅम माती घेतात आणि तीवर १ N पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिलिलिटर द्रावण पिपेटने टाकतात. म्हणजे चंबूत बरोबर १० मिलिसममूल्य डायक्रोमेट गेले. हे डायक्रोमेट इथले प्राथमिक प्रमाण आहे. शुद्ध, वाळवलेली पूड तोलली आणि अचूक आकारमानापर्यंत भरली की द्रावणाची संहती त्या वजनावरूनच ठरते. ती दुसऱ्या कशाशी ताडून पाहावी लागत नाही.

फेरस अमोनियम सल्फेटचे तसे नाही. त्याच्यावर ०.५ N लिहिलेले असते, पण तो आकडा नावापुरता. हवेतला ऑक्सिजन फेरस लोहाचे फेरिक करत राहतो आणि द्रावण रोज थोडे अशक्त होते. उन्हाळ्यात, अर्धवट भरलेल्या बाटलीत हे लवकर घडते. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर मातीशिवाय एक कोरी चाचणी करतात. तीत तेच १० मिलिलिटर डायक्रोमेट, तेच आम्ल, तोच दर्शक. तिला लागलेले फेरस द्रावण म्हणजे त्या दिवशी दहा मिलिसममूल्यांना किती मिलिलिटर पुरतात त्याचे उत्तर.

कोऱ्या चाचणीचे वाचन B, मातीच्या चंबूचे S आणि मातीचे ग्रॅममधले वजन W धरले तर सूत्र असे:

```
OC % = 10 × (B − S) / B × 0.003 × 100 / W
```

०.००३ म्हणजे एका मिलिसममूल्य कर्बाचे ग्रॅममधले वजन: बारा भागिले चार, आणि त्याचा हजारावा भाग. सूत्रात फेरस द्रावणाची संहती कुठेच नाही. B ने भागले की ती आपोआप निघून जाते. द्रावण ०.५० असो की ०.४२, B आणि S एकाच प्रमाणात वाढतात आणि गुणोत्तर तसेच राहते.

आता इंग्रजी कागदातले वाक्य पाहू. त्याचा आशय असा होता: फेरस अमोनियम सल्फेटचे दर तुकडीला कोऱ्या चाचणीने प्रमाणीकरण करा. मराठीत ते झाले: ‘प्रमाणित फेरस अमोनियम सल्फेट वापरा व कोरी चाचणी घ्या.’

‘प्रमाणित’ वाचून मराठी माणसाला आठवते प्रमाणित बियाणे. पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असलेले, कुणीतरी तपासून दिलेले. तंत्रसहायकाने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: ‘हे प्रमाणित वालं कुठं विकत भेटते?’ त्याला सांगितले गेले की बाटलीवर शुद्धता लिहिलेली असली म्हणजे झाले. इथे एक कृती विशेषण झाली. रोज करायचे काम वस्तूचा गुण म्हणून वाचले गेले, आणि गुण एकदा असला की असतोच. कोरी चाचणी फक्त वजाबाकीच्या आकड्यापुरती उरली, तिच्यावरून द्रावणाची त्या दिवशीची खरी संहती कुणी काढली नाही.

दुसरी गोष्ट त्यातूनच आली. द्रावण ‘प्रमाणित ०.५ N’ आहे तर B ने भागायचे कशाला? भाषांतर करणाऱ्याने सोपे म्हणून दुसरे सूत्र लिहिले: (B − S) गुणिले ०.५, गुणिले ०.००३, गुणिले १००, भागिले वजन. द्रावण खरोखर ०.५० असेल तर दोन्ही सूत्रांचे उत्तर तंतोतंत सारखे येते. म्हणूनच कागद तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले. त्याने २० आणि १६ असे आकडे घालून पाहिले आणि दोन्हीकडे ०.६० आले.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी कोऱ्या चाचणीला २१.३ मिलिलिटर लागले होते आणि बरणीतल्या मातीला १७.०. फरक ४.३. तो ०.५ आणि ०.३ ने गुणला की ०.६५. दोन आठवड्यांनी कोऱ्या चाचणीला २३.३ लागले आणि मातीला १८.६. फरक ४.७, उत्तर ०.७१. तेच आकडे गुणोत्तराच्या सूत्रात घाला: पहिल्या दिवशी ०.६१, दोन आठवड्यांनीही ०.६१. माती बदलली नव्हती. फेरस द्रावण ०.४६ वरून ०.४२ वर उतरले होते आणि ते उतरणे कर्बाच्या खात्यात चढत होते.

शेतकऱ्याच्या कागदावर याचे काय होते? नेहमीच्या तीन वर्गांच्या प्रतवारीत ०.५० टक्क्यांच्या खाली कर्ब कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम. दोन आठवड्यांनंतरच्या एका नमुन्यात कोरी चाचणी आणि माती यांत ३.७ मिलिलिटर फरक आला. द्रावण ०.४२ धरले तर खरा कर्ब ०.४७, म्हणजे कमी. कागदावर गेला ०.५६, म्हणजे मध्यम. नत्राची शिफारस याच वर्गावरून ठरते, तेव्हा त्या शेताला गरजेपेक्षा कमी नत्र सुचवले गेले. एप्रिलच्या सुरुवातीला माती देणाऱ्याला एक उत्तर आणि अखेरीस देणाऱ्याला दुसरे, कारण मधल्या काळात बाटली शिळी झाली.

दुरुस्त वाक्य असे लिहिले: ‘फेरस अमोनियम सल्फेटची खरी संहती रोज बदलते. नमुन्यांची प्रत्येक तुकडी सुरू करताना कोऱ्या दोन चाचण्या करा. दोन्ही वाचनांत ०.२ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरी करा. सरासरी B म्हणून वहीत लिहा. B लिहिल्याशिवाय नमुने मोजू नका.’ मूळ इंग्रजी वाक्यापेक्षा हे लांब आहे, आणि ते तसेच असावे. ‘प्रमाणीकरण करा’ एवढे लिहून भागले असते, पण त्या शब्दात काय करायचे आहे ते कागदावर दिसत नाही.

नॉर्मल आणि मोलर

भाषांतराच्या पहिल्या मसुद्यात आणखी एक बदल होता, तो मात्र स्वतःहून उघडा पडला. जिथे जिथे N होते तिथे ‘मोलर’ लिहिले होते. कारण समजण्यासारखे आहे. फेरस अमोनियम सल्फेट या अभिक्रियेत एकच इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे त्याचे ०.५ N आणि ०.५ M एकच. भाषांतर करणाऱ्याने ते पुस्तकात पडताळले, बरोबर निघाले, आणि मग तोच नियम डायक्रोमेटलाही लावला.

डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेते. K2Cr2O7 चे रेणुवस्तुमान २९४.१८, सहाने भागले की सममूल्यभार ४९.०३. बऱ्याच कागदांवर तो ४९.०४ छापलेला असतो आणि त्या फरकाने काही बिघडत नाही. पण १ मोलर म्हटले की लिटरला २९४ ग्रॅम लागतात. कागदावर ग्रॅमचा आकडा ४९.०४ असाच राहिला होता. दोघांपैकी एकाने तो आकडा पाहून तोलले, तर दुसऱ्याने ‘१ मोलर’ वाचून स्वतः हिशेब केला आणि २९४ ग्रॅम तोलायला घेतले. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात हे मीठ सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपासच विरघळते. चंबूच्या तळाशी नारिंगी थर बसून राहिला, ढवळूनही जाईना, तेव्हा प्रकरण लक्षात आले. तसे झाले नसते तरी कोऱ्या चाचणीने सांगितलेच असते: वीसच्या जागी एकशेवीस मिलिलिटर लागले असते, आणि ब्युरेट पन्नासची.

यावरून ठरवलेली पद्धत अशी. कागदावर N हे चिन्ह तसेच ठेवायचे, बाटलीच्या चिठ्ठीवर असते त्याच अक्षरात. त्याचे ‘सामान्य द्रावण’ करायचे नाही, कारण मराठीत सामान्य म्हणजे साधे. आणि प्रत्येक संहतीच्या शेजारी लिटरमागे ग्रॅम लिहायचे. दोन आकडे एकमेकांचे साक्षीदार होतात. एक चुकला तर वाचणारा थांबतो.

आकड्यांच्या लिपीचाही प्रश्न होता. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ यांची आकृती जवळची आहे, आणि घाईत काढलेले १ आणि ९ तर सख्खे भाऊ. तराजूचा पडदा, बाटलीची चिठ्ठी आणि ब्युरेटवरच्या खुणा सगळ्या इंग्रजी आकड्यांत. तोलणारा माणूस कागदावरून पडद्याकडे आणि पडद्यावरून कागदाकडे पाहतो. म्हणून वजने आणि आकारमाने इंग्रजी आकड्यांतच ठेवली, वाक्ये मराठीत. लेख वाचताना देवनागरी आकडे गोड वाटतात, तराजूसमोर ते अडथळा होतात.

‘मध्ये’ आणि ‘पर्यंत’

इंग्रजीत होते: विरघळवून १ लिटरपर्यंत भरा. मराठीत झाले: ‘१ लिटर पाण्यात विरघळवा.’ मराठी कानाला दुसरे वाक्य जास्त नैसर्गिक वाटते, सरबत आपण असेच करतो. पण १ लिटर पाण्यात ४९ ग्रॅम डायक्रोमेट टाकले की द्रावण एक लिटरपेक्षा जास्त होते आणि संहती एक-दोन टक्क्यांनी पडते. फेरस अमोनियम सल्फेट लिटरला १९६.१ ग्रॅम लागते. ते १ लिटर पाण्यात टाकले तर पातळी खुणेच्या बरीच वर जाते. पहिल्याच दिवशी B वीसऐवजी २१.३ आला त्याचे मोठे कारण हेच.

फेरसची चूक गुणोत्तर झाकून घेते. डायक्रोमेटची झाकत नाही, कारण सूत्रातले १० हे ‘१० मिलिलिटर गुणिले बरोबर १ N’ असे आहे. द्रावण खरे ०.९८ असेल तर प्रत्येक उत्तर दोन टक्क्यांनी जास्त येते. वर गुणोत्तराने ०.६१ आले आणि ०.६० आले नाही, त्यामागे हेच आहे. एवढा फरक बरणीतल्या मातीवरून पकडता येत नाही: ब्युरेटचे एक दशांश मिलिलिटर इकडे-तिकडे झाले तरी उत्तर ०.०१ ने हलते. जी चूक चाचणीत दिसत नाही ती वाक्यातच बंद करावी लागते.

दुरुस्त मजकूर: ‘पोटॅशियम डायक्रोमेट, K2Cr2O7, १०५ अंश सेल्सिअसला दोन तास वाळवून गार केलेले, ४९.०४ ग्रॅम तोला. १ लिटरच्या मापन चंबूत सुमारे ६०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पूर्ण विरघळल्यावर आणि चंबू खोलीच्या तापमानाला आल्यावर खुणेपर्यंत पाणी भरा.’ फेरससाठी क्रम वेगळा: सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात आधी २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल हळूहळू सोडायचे, गार होऊ द्यायचे, त्यात मीठ विरघळवायचे आणि मग खुणेपर्यंत भरायचे. आम्लामुळे फेरसचे फेरिक होणे मंदावते. पहिल्या मसुद्यात हे आम्ल शेवटी ‘आवश्यकतेनुसार’ म्हणून आले होते आणि कुणी टाकलेच नव्हते. द्रावण दोन आठवड्यांत इतके उतरले, त्यामागे तेही होते.

तीव्र की संहत

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या शब्दाची. मसुद्यात ‘२० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल’ होते. बोलताना आपण तसेच म्हणतो. पण रसायनशास्त्राच्या मराठीत तीव्र आणि सौम्य ही आम्लाची जात आहे, संहत आणि विरल हे त्याचे प्रमाण. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात कितीही मिसळले तरी तीव्रच. त्या अर्थाने तालुक्याच्या बाजारात बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळणारे आम्लही तीव्र सल्फ्युरिक आम्ल आहे. नागपूरहून माल यायला उशीर झाला की कुणाचेही लक्ष त्या कॅनकडे जाणारच.

वॉकली-ब्लॅक पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाहीत. १० मिलिलिटर पाणीदार डायक्रोमेटवर २० मिलिलिटर संहत आम्ल भर्रकन ओतले की मिसळण्याच्या उष्णतेनेच चंबू १२० अंशांच्या आसपास जातो. त्याच उष्णतेत कर्ब जळतो. बॅटरीच्या आम्लात आधीच दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असते. ती उष्णता आधीच निघून गेलेली असते, चंबू नुसता कोमट होतो, आणि कर्बाचा मोठा भाग जळायचा राहतो. निकाल कमी येतो. गंमत नव्हे, धोका हा की शिळ्या फेरस द्रावणाची चूक निकाल वाढवते आणि पातळ आम्लाची चूक तो कमी करते. दोन्ही एकत्र झाल्या तर बरणीतली माती ०.६० देईल आणि सगळे ठीक आहे असे वाटेल.

ओळखायची खूण सोपी आहे: आम्ल ओतल्यावर चंबूला उघडा हात लावता येत असेल तर आम्ल चुकीचे आहे, किंवा फार सावकाश ओतले गेले आहे. कागदावर लिहिले: ‘सल्फ्युरिक आम्ल, H2SO4, संहत, ९८ टक्के, प्रयोगशाळेच्या दर्जाचे. बॅटरीचे आम्ल चालत नाही.’ शेवटचे वाक्य मूळ इंग्रजीत कुठेच नाही. इंग्रजी कागद ज्या प्रयोगशाळेसाठी लिहिला गेला तिथे त्याची गरज नव्हती, इथे आहे. भाषांतरात अशी भर घातली की ती भर आहे हे कडेला खूण करून दाखवावे, म्हणजे पुढचा तपासणारा मूळ शोधत बसणार नाही.

चंबू उष्णतारोधक फळीवर ३० मिनिटे ठेवायचा, फरशीवर नाही. फरशी उष्णता ओढून घेते.

अभिकर्मकांच्या नावांत अशीच एक-एक अक्षराची चूक बसते. ‘लोह अमोनियम सल्फेट’ असे शुद्ध मराठी केले तर फेरस आणि फेरिक हा भेदच पुसला जातो. कपाटात फेरिक अमोनियम सल्फेटही असते, फिकट जांभळ्या खड्यांचे. फेरसचे खडे फिकट हिरवे. जांभळे खडे घेतले तर ब्युरेट रिकामी होईल पण रंग पालटणार नाही. ‘ऑर्थोफॉस्फरिक आम्ल’ ऐवजी ‘फॉस्फरस आम्ल’ लिहिले तर ते वेगळेच रसायन होते: पहिले फेरिक लोहाला धरून ठेवते म्हणून शेवटचा रंग स्वच्छ दिसतो, दुसरे स्वतःच क्षपणक आहे. आणि दर्शक डायफेनिलअमाइनच. शाळेपासून जिभेवर बसलेले फिनॉल्फ्थॅलिन इथे काही करत नाही. प्रत्येक नाव देवनागरीत, शेजारी सूत्र आणि रेणुवस्तुमान, तिन्ही बाटलीच्या चिठ्ठीशी जुळल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, असे ठरले.

रंगाचे वर्णनही नेमके हवे. मसुद्यात ‘निळ्याचा हिरवा होईपर्यंत’ होते. प्रत्यक्षात २०० मिलिलिटर पाणी, १० मिलिलिटर ८५ टक्के ऑर्थोफॉस्फरिक आम्ल आणि १ मिलिलिटर दर्शक टाकल्यावर चंबू काळपट दिसतो. अनुमापन पुढे गेले की गढूळ निळसर-जांभळा होतो, आणि शेवटी एका थेंबात चमकदार हिरवा. जांभळी छटा दिसली की थेंबथेंब. आम्ल टाकल्याबरोबरच चंबू हिरवा दिसला तर ते अनुमापनाचा शेवट नव्हे: माती इतकी सेंद्रिय आहे की डायक्रोमेट पुरलेच नाही. तेव्हा अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा करायचे.

शून्यावर लावणे म्हणजे अंशशोधन नव्हे

मूळ कागदात उपकरणांच्या अंशशोधनाचे अर्धे पान होते. मसुद्यात त्याच्या दोन ओळी झाल्या: ‘ब्युरेट शून्यावर लावा. तराजू शून्यावर आणा.’ या दोन्ही गोष्टी रोज करायच्याच, पण त्या सुरुवात आहेत. शून्य बरोबर असूनही दहाची खूण खोटी असू शकते.

ब्युरेटचे अंशशोधन तोलून करतात. तोललेल्या कोरड्या, झाकणाच्या बाटलीत ब्युरेटमधून १० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी सोडायचे, वजन घ्यायचे, मग पुढचे १०, असे पन्नासपर्यंत. इथे मसुद्याने आणखी एक सोपेपणा केला होता: ‘१ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम’. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे चालत नाही. ३० अंशांना हवेत तोललेले १० मिलिलिटर पाणी सुमारे ९.९५ ग्रॅम भरते. खोली ३८ अंशांवर गेली की ९.९२. एक ग्रॅम धरणारा माणूस चांगल्या ब्युरेटला दर दहाला ०.०८ मिलिलिटर कमी ठरवेल आणि नसलेली चूक दुरुस्त करत बसेल. ‘ब’ दर्जाच्या ५० मिलिलिटर ब्युरेटला एकूण ०.१ मिलिलिटरपर्यंतच सूट असते, म्हणजे पन्नासपर्यंत जाताना हा भ्रम सुटीच्या चौपट होतो. म्हणून कागदावर तापमानाचे तीन-चार आकडे आणि त्यांच्यासमोर १० मिलिलिटरचे वजन लिहिले, आणि पाण्यात तापमापक बुडवून वाचायला सांगितले, भिंतीवरचा नव्हे.

तराजूसाठी ‘पडताळणी’ आणि ‘अंशशोधन’ हे दोन शब्द वेगळे ठेवले. १ ग्रॅम आणि ५० ग्रॅमची प्रमाण वजने ठेवून वाचन लिहिणे ही पडताळणी, रोजची. वाचन पटत नसेल तर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे समायोजन करणे आणि नोंद ठेवणे हे अंशशोधनातले काम, ते प्रमुखाच्या सहीने. आणि ‘प्रमाणीकरण’ हा शब्द फक्त द्रावणासाठी राखला. इंग्रजीत या कृतींना वेगवेगळे शब्द आहेत, मराठीत तिन्ही ‘प्रमाणित करणे’ या एका पोत्यात भरली की कुठली कोणी कधी करायची ते कळत नाही.

पिपेटबद्दल एक ओळ जोडली: ‘रबरी फुग्यानेच ओढा.’ तोंडाने ओढायची सवय गावाकडच्या महाविद्यालयांतून अजून गेलेली नाही, आणि डायक्रोमेट पोटात जाऊ देण्याची वस्तू नव्हे. उरलेले नारिंगी द्रावण मोरीत ओतायचे नाही, हेही.

दुरुस्त कागदाची तपासणी मूळ इंग्रजी न वाचलेल्या तंत्रसहायकाकडून करवली. त्याने एकेक ओळ वाचून काय करणार ते आधी सांगायचे आणि मग करायचे. जिथे तो थांबला तिथे वाक्य बदलले. बरणीतल्या मातीचा कर्ब नव्या द्रावणाने ०.६० आला, बारा दिवसांनी त्याच फेरस द्रावणाने ०.५९, B २०.१ वरून २०.९ वर गेलेला असताना. वहीत B साठी वेगळा रकाना पाडला आहे. तो २२ च्या वर गेला की नवे फेरस द्रावण.

या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सुमारे ७७ टक्केच जळतो असे धरतात आणि एकूण कर्बासाठी १.३ ने गुणतात. ०.६० चे मग ०.७८ होतात. मसुद्यात हे वाक्य सूत्राला चिकटून आले होते, आता ते वेगळे आहे आणि अहवालावर ‘गुणलेले नाही’ असे छापले जाते. कागदात एक मर्यादाही लिहिली आहे. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडून नमुना आला तर त्यातले क्लोराइडही डायक्रोमेट खाते आणि कर्ब जास्त दिसतो. अशा मातीला सिल्व्हर सल्फेट विरघळवलेले सल्फ्युरिक आम्ल लागते. सिल्व्हर नायट्रेट नव्हे.